लग्नाआधीचा नॉमिनी तसाच राहिला: पीएफ, विमा आणि बँक, तिन्हीकडे वेगवेगळा घोळ

सुमेधा

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक होईल, पण सगळं मांडल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझा मामेभाऊ पावसाळ्यात अचानक गेला. हार्ट अ‍ॅटॅक. वय ३७. खासगी कंपनीत नोकरीला होता, शेवटपर्यंत कामावर. मागे वहिनी, सहा वर्षांची मुलगी आणि मामी. मामा २०२१ मध्येच गेले. एक धाकटा भाऊ आहे, तो वेगळा राहतो. मृत्युपत्र वगैरे काही नाही, या वयात कोण करतं.

दिवसकार्य झाल्यावर कागद काढले. चित्र असं आहे:

पीएफमध्ये साधारण ९ लाख. नॉमिनी मामी, शंभर टक्के. हे २०१३ मध्ये नोकरीला लागताना भरलेलं, तेव्हा त्याचं लग्न झालेलं नव्हतं. लग्न २०१८ चं.

टर्म इन्शुरन्स ५० लाखांचा, २०१६ मध्ये घेतलेला. नॉमिनी मामा. म्हणजे जे स्वतःच आता नाहीत.

बँकेत बचत खात्यात १ लाख १० हजार, नॉमिनी धाकटा भाऊ. कॉलेजात असताना उघडलेलं खातं.

सहकारी बँकेत ४ लाखांची एफडी. त्यावर नॉमिनीच नाही.

वहिनीचं नाव कुठेच नाही. घरात भांडण नाही, मामी आणि वहिनी एकत्रच राहतात. पण नातेवाईक येऊन काहीबाही सांगतायत आणि दोघींच्या मनात नको ते शिरायला लागलंय. नेमकं कोणाला काय मिळतं? आणि धावपळ कुठून सुरू करायची?

दादासाहेब

सुमेधाताई, वाईट वाटलं. पण कायद्याने बघाल तर सरळ आहे. ज्याचं नाव नॉमिनी म्हणून, पैसे त्याचे. पीएफ मामींचा, बचत खातं धाकट्याचं. नॉमिनी लावतात तो त्यासाठीच. उरलेल्या दोन ठिकाणी कोर्टातून वारसा दाखला आणावा लागेल. आमच्या चुलत्यांच्या वेळी दीड वर्ष गेलं होतं त्यात.

निवृत्त_शाखाधिकारी

दादासाहेब, बँकेपुरतं सांगतो. तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे. बँक पैसे नॉमिनीलाच देते आणि दिले की बँक मोकळी होते. पण पैसे त्याचे होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्टच सांगितलंय: नॉमिनीला रक्कम स्वीकारायचा हक्क, मालकी वारसांची. हा धाकटा भाऊ बँकेतून १ लाख १० हजार घेईल आणि ते त्याला वहिनी, मुलगी आणि आई यांच्या हवाली करावे लागतील. त्याचा स्वतःचा त्यात एक रुपयाही नाही, कारण आई-बायको-मुलगी असताना भाऊ वारसांत येत नाही.

आता तो म्हणाला, नाही देत, तर? तर बँकेकडे येऊन उपयोग नाही. आम्ही कितीतरी बायकांना काउंटरवरून परत पाठवलंय, पाठवताना वाईट वाटायचं, पण बँकेचा हात तिथे संपतो. वारसांना त्या माणसाविरुद्ध दिवाणी दावा लावावा लागतो. एक लाखासाठी कोण लावतो दावा? म्हणून नॉमिनी कोण आहे याला व्यवहारात वजन आहे, कायद्यात नसलं तरी.

सुमेधा

धाकटा देईल हो. त्याचा प्रश्न नाही. पीएफ आणि इन्शुरन्सचं बोला, मोठी रक्कम तिकडे आहे.

पगारपत्रक

सुमेधा, मी पेरोलमध्ये आहे, मृत्यूचे दावे भरून देणं हे माझ्या कामातच येतं, म्हणून पीएफबद्दल खात्रीने लिहिते.

तुमच्या भावाने २०१३ मध्ये मामींचं जे नाव टाकलं ते २०१८ मध्ये लग्नाच्या दिवशीच बाद झालं. पीएफच्या योजनेतच तसं कलम आहे: सभासदाने लग्न झालं की नवीन नॉमिनेशन करायचं, आणि लग्नाआधीचं कोणतंही नॉमिनेशन अवैध समजायचं. कुणी रद्द करावं लागत नाही, आपोआप होतं. गंमत म्हणजे पोर्टलवर किंवा कंपनीच्या फाइलमध्ये ते जुनं नाव तसंच दिसत राहतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की आहे की नॉमिनी. मी बघितलेल्या फायलींमध्ये सगळ्यात जास्त वेळा हाच घोळ असतो.

वैध नॉमिनेशन नसेल तर रक्कम कुटुंबात समान वाटली जाते. इथे कुटुंब म्हणजे पीएफच्या योजनेतलं कुटुंब, आपल्या घरातलं नव्हे. पुरुष सभासदासाठी बायको, मुलं, अवलंबून असलेले आई-वडील, आणि मुलगा वारला असेल तर त्याची विधवा आणि मुलं. भाऊ-बहीण त्यात नाहीतच. म्हणजे तुमच्याकडे तिघी: वहिनी, मुलगी, मामी. ९ लाखांचे तीन भाग, प्रत्येकी ३ लाख. मुलगी लहान आहे, तिचा भाग तिची आई पालक म्हणून घेईल.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत, कदाचित घरी कुणाला माहीतही नसेल. नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफसोबत ईडीएलआय नावाचा विमा असतो. पगारातून त्याचे पैसे कापले जात नाहीत, कंपनी भरते, त्यामुळे कर्मचाऱ्याला पत्ताच नसतो. पंधरा हजारांच्या मर्यादेपर्यंतचा सरासरी पगार गुणिले ३५, म्हणजे ५ लाख २५ हजार, अधिक पीएफच्या वर्षभरातल्या सरासरी शिलकीच्या निम्मे, पण हे निम्मे जास्तीत जास्त १ लाख ७५ हजार. शिल्लक ९ लाखांच्या घरात असेल तर दुसरा भाग पूर्ण मिळणार. एकूण ७ लाख, तेवढीच कमाल मर्यादा आहे. ज्यांना पीएफ, त्यांनाच तेही, त्याच प्रमाणात.

सुमेधा

सात लाख?? कंपनीतून आलेल्या माणसाने याबद्दल एक शब्द काढला नाही.

पगारपत्रक

काढत नाहीत. फॉर्म तीन असतात: पीएफसाठी फॉर्म २०, विम्यासाठी फॉर्म ५ आयएफ, आणि पेन्शनसाठी १० डी. कंपनीने एकच पुढे केला असेल तर बाकीचे मागून घ्या.

पेन्शनचं वेगळं आहे हे वहिनींना नक्की सांगा. ते नॉमिनीवर चालत नाही. विधवेला तिचं पेन्शन मिळतंच, नॉमिनी म्हणून कुणाचंही नाव असो. मुलीला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत विधवा पेन्शनच्या २५ टक्के वेगळे. रक्कम फार मोठी नसते, पण दर महिन्याला येते.

भटक्या

मला पण पीएफमध्ये हाच प्रॉब्लेम येतोय. अ‍ॅडव्हान्स काढायला गेलो की ई-नॉमिनेशन करा असा मेसेज येतो. बायकोला न सांगता पैसे काढायचे होते, आता तिचा फोटो अपलोड करायला लागणार का?

केतकी_आर

भटक्या :D धागा नीट वाचा हो एकदा.

अ‍ॅड_मनवा

पगारपत्रक यांच्या प्रतिसादात एक पुस्ती. "अवलंबून असलेले आई-वडील" हे शब्द महत्त्वाचे आहेत. सुमेधा, मामा कुठे नोकरीला होते? मामींना फॅमिली पेन्शन मिळतं का?

सुमेधा

हो, मामा जिल्हा परिषदेत होते. मामींना पेन्शन येतं. का?

अ‍ॅड_मनवा

मग मामी मुलावर अवलंबून होत्या का, हा प्रश्न पीएफ कार्यालय विचारू शकतं. त्यांनी नाही म्हटलं तर वाटे दोनच, वहिनी आणि मुलगी, साडेचार लाख प्रत्येकी, आणि ईडीएलआयचे साडेतीन-साडेतीन. मामी त्याच घरात राहत होत्या, औषधपाणी मुलगाच बघत होता, हे दाखवता येईल. पण निकाल काय लागेल हे इथे बसून कुणी सांगू नये.

पगारपत्रक

मान्य. माझ्याकडच्या बहुतेक प्रकरणांत घरच्यांनी एकमताने लिहून दिलं की अवलंबून होत्या आणि तसंच मंजूर झालं. पण त्या आयांना स्वतःचं पेन्शन नव्हतं, हा फरक आहे खरा.

दादासाहेब

म्हणजे बघा, पोराने आईचं नाव लिहून ठेवलं तरी आईला मिळेल याची खात्री नाही. हा कसला न्याय? आणि समजा त्याला खरंच आईलाच द्यायचं असेल तर?

पगारपत्रक

तर लग्नानंतर पुन्हा तेच नाव भरायचं होतं, दादासाहेब. लग्न झाल्यावर बायकोलाच नॉमिनी करा अशी सक्ती नाही. अवलंबून असलेली आई कुटुंबात येते, तिला शंभर टक्के लिहिता येतं, किंवा आईला ४० आणि बायकोला ६० असंही करता येतं. फक्त तारीख लग्नानंतरची पाहिजे.

निवृत्त_शाखाधिकारी

एफडीचं राहिलं. इथे दादासाहेबांच्या चुलत्यांचा अनुभव जुन्या काळचा आहे, आता तेवढं अवघड नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांबद्दल नवे निर्देश काढले. नॉमिनी नसेल तरी ठरावीक रकमेपर्यंत बँकेने कोर्टाचा दाखला मागायचा नाही. व्यापारी बँकांना ही मर्यादा १५ लाख, सहकारी बँकांना ५ लाख. तुमची एफडी ४ लाखांची आहे, पण तेवढ्यावर जाऊ नका. त्या बँकेत बचत खातं, शेअर, दुसरी ठेव असं आणखी काही आहे का ते आधी बघा, आणि एफडीवर साठलेलं व्याजही धरा. बेरीज पाचाच्या आत बसते ना, एवढं पक्कं करा.

कागद असे लागतील: दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, ओळखपत्रं, दावा करणाऱ्यांचं हमीपत्र, जे वारस स्वतःसाठी मागत नाहीत त्यांचं ना-हरकत पत्र, आणि वारस कोण याबद्दल वारस दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या तिऱ्हाईत माणसाचं प्रतिज्ञापत्र. सगळे कागद पोचल्यापासून १५ दिवसांत निकाली काढायचं आहे. म्हणून अर्ज देताना "सर्व कागद मिळाले" अशी तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, कारण दर खेपेला एक नवीन कागद कमी निघतो. इतकी वर्षं खुर्चीच्या पलीकडे बसून सांगतोय.

बचत खात्याला तर याहून कमी. धाकट्याने मृत्यूचा दाखला, स्वतःचं ओळखपत्र आणि अर्ज दिला की झालं. नॉमिनी असताना बँक वारस दाखला मागत असेल तर ते चूक आहे.

केतकी_आर

माझं जरा वेगळं आहे पण इथेच विचारते. माझा घटस्फोट तीन वर्षांपूर्वी झाला. एलआयसीच्या दोन पॉलिसींवर अजून माजी नवऱ्याचं नाव आहे. घटस्फोट झाला म्हणजे ते नाव गेलंच ना? पीएफमध्ये जसं लग्नाने जातं तसं?

अ‍ॅड_मनवा

नाही! तो नियम पीएफचा आहे. विम्यात तुम्ही लेखी कळवून बदलत नाही तोवर नोंदीत तेच नाव राहतं, आणि विमा कंपनी नोंदीप्रमाणे त्यालाच विचारणार. तो आता तुमचा पती नाही, त्यामुळे रक्कम त्याच्या मालकीची होण्याबद्दल वारस भांडू शकतील, पण भांडावं लागेलच. या आठवड्यात शाखेत जाऊन नॉमिनी बदलण्याचा अर्ज द्या, नोंद झाल्याचं पत्र किंवा शेरा घ्या. मुलांना नॉमिनी करत असाल आणि ती अज्ञान असतील तर पैसे स्वीकारायला एका सज्ञान व्यक्तीचं नाव त्याच अर्जात द्यावं लागतं. ते नाव विचार करून द्या, नाहीतर फिरून माजी नवऱ्याच्याच हातात जाईल.

केतकी_आर

बापरे. उद्याच जाते. मुलगा अकरा वर्षांचा आहे. माझ्या बहिणीचं नाव देईन.

सुमेधा

मनवाताई, मग आमच्या टर्म पॉलिसीचं काय? नॉमिनी मामा, ते आधीच गेले.

अ‍ॅड_मनवा

नॉमिनी पॉलिसीधारकाच्या आधी गेला आणि नवा केलाच नाही तर नॉमिनी नसल्यासारखंच. रक्कम भावाच्या वारसांना. तुम्ही हिंदू वारसा कायद्याखाली येता असं धरून चालते: पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे विधवा, मुलं आणि आई. तिघी समान. वडील मात्र या वर्गात येत नाहीत, त्यामुळे मामा असते तरी वारस म्हणून त्यांना वाटा नव्हता, नॉमिनी म्हणून मात्र पुढे तेच आले असते. ५० लाखांचे तीन भाग, प्रत्येकी साधारण १६ लाख ६७ हजार.

इथे मात्र कोर्टाची पायरी चढावी लागेल असं समजूनच चला. एवढ्या रकमेला विमा कंपन्या सहसा वारसा प्रमाणपत्र मागतात, म्हणजे दिवाणी न्यायालयातलं सक्सेशन सर्टिफिकेट. अर्ज, जाहीर नोटीस, कुणाची हरकत येते का त्याची वाट, कोर्ट फी. हरकत नसली तरी काही महिने जातात. तहसीलदाराचा वारस दाखला वेगळा आणि हे वेगळं, नातेवाईक दोन्हीची मिसळ करतात. आणि मुलगी अज्ञान असल्याने तिच्या १६ लाखांचं काय करायचं हे कोर्ट सांगेल. बहुतेकदा राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे ठेव ठेवायला सांगतात.

आधी विमा कंपनीला मृत्यूची लेखी सूचना द्या आणि कोणते कागद हवेत ते लेखी मागा. कोर्टात जायचं की नाही ते त्या उत्तरावर ठरवा. काही कंपन्या हमीपत्रावर तयार होतात.

दादासाहेब

मग २०२१ मध्ये मामा गेले तेव्हाच पोराने बायकोचं नाव घातलं असतं तर पूर्ण ५० लाख तिचेच होते ना? की तिथेही "नुसती स्वीकारायची मानकरी"?

अ‍ॅड_मनवा

चांगला प्रश्न विचारलात, आणि याचं एका वाक्यात उत्तर नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की विम्यातला नॉमिनीही फक्त स्वीकारणारा. मग २०१५ मध्ये विमा कायद्याचं कलम ३९ बदललं. आता आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं यांच्यापैकी कुणी नॉमिनी असेल तर रक्कम लाभाने त्यांची, असं कलमात लिहिलंय. भाऊ नॉमिनी असता तर तो अजूनही फक्त स्वीकारणाराच.

यावरून वाटतं की बायकोचं नाव असतं तर सगळे तिचे. पण २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने असा निकाल दिला की वारसांनी हक्क सांगितला तर हे कलम वारसा कायद्याच्या वर जात नाही. तिथली हकीकत तुमच्यासारखीच होती: लग्नाआधी आईला नॉमिनी केलेलं, पुढे लग्न, मूल, नाव बदललंच नाही. न्यायालयाने आई, पत्नी आणि मूल यांना एक तृतीयांश करून दिलं. या निकालाबद्दल वकिलांतही मतभेद आहेत. ज्यांना रक्कम बायको-मुलांसाठीच बांधून ठेवायची आहे त्यांनी पॉलिसी घेतानाच विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यावी. ती सावकारांच्याही हाती लागत नाही. पण पुरुषाला आपल्या आईसाठी ती वाट नाही, फक्त पत्नी आणि मुलांसाठी, आणि आधीच चालू असलेल्या पॉलिसीला ती मागाहून लावता येत नाही.

भटक्या

माझ्या प्रश्नाचं कुणी उत्तर देईल का? :(

पगारपत्रक

भटक्या, देते, कारण तुमच्या निमित्ताने बाकीच्यांनाही उपयोग होईल. हो, फोटो लागतो. तो बायकोच्या संमतीचा पुरावा नाही, कुटुंबाच्या माहितीचा भाग आहे.

यूएएनने सभासद पोर्टलवर लॉगिन करा, Manage मध्ये E-Nomination. कुटुंब आहे का विचारतं, Yes. मग प्रत्येकाचं आधार, आधारवरचं नाव, जन्मतारीख, नातं, फोटो. ते साठवलं की पुढे पीएफचे वाटे टक्क्यांत. Save EPF Nomination दाबलं की बहुतेक लोक पोर्टल बंद करतात आणि इथेच गाडी अडते. त्यापुढे e-Sign आहे, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकल्याशिवाय नॉमिनेशन नोंदतच नाही. आमच्याकडे एका मुलाच्या मृत्यूनंतर पोर्टल उघडलं तर बायकोचं नाव व्यवस्थित भरलेलं, शंभर टक्के लिहिलेलं, आणि स्थिती "पेंडिंग". ते धरलं गेलं नाही. सही झाल्यावर तयार होणारी पीडीएफ उतरवून घरी द्या, ती आहे तर झालं, नाही तर झालं नाही. कंपनीची मंजुरी लागत नाही, त्यामुळे एचआरवर ढकलू नका.

अडतं कुठे? तुमचा स्वतःचा फोटो प्रोफाइलमध्ये नसेल तर पुढे जात नाही. बायकोचं आधार माहेरच्या नावाने असेल तर आधारवर आहे तेच नाव टाका, सासरचं टाकून पडताळणी होत नाही. आणि आधारला जुना मोबाइल जोडलेला असेल तर आधी तो बदलून घ्या.

नवशिक्या_२४

मी अजून अविवाहित आहे, पहिली नोकरी. आई-बाबा दोघंही कमावतात. पीएफला धाकट्या बहिणीचं नाव दिलं तर चालेल का? लग्न झालं की बदलेन.

पगारपत्रक

आई-बाबा तुमच्यावर अवलंबून नाहीत, लग्न नाही, म्हणजे योजनेच्या भाषेत तुम्हाला कुटुंब नाही, आणि कुटुंब नसलेल्याला कुणालाही नॉमिनी करता येतं. बहीण चालेल. लग्न झालं की ते बाद, हे आता माहीत आहेच. लग्नाचा दाखला हातात आला की त्याच आठवड्यात करून टाका. ग्रॅच्युइटीचा फॉर्म वेगळा असतो, तो कंपनीत कागदावर भरतात, त्याचीही प्रत मागा.

निवृत्त_शाखाधिकारी

नवशिक्या, बँकेचंही बघून घे. प्रत्येक एफडीला स्वतंत्र नॉमिनेशन असतं, बचत खात्याला दिलं म्हणून ठेवीला लागत नाही. मोबाइल अ‍ॅपवरून एफडी करताना तो रकाना "नंतर" म्हणून सोडून देतात, सुमेधाताईंच्या भावाचं तसंच काहीतरी झालं असणार. पासबुकाच्या पहिल्या पानावर आणि ठेवपावतीवर नॉमिनेशन नोंदल्याचा शेरा असतो. तो नसेल तर नोंद नाही असंच समज.

१ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी करता येतात. एकतर टक्केवारी लिहून एकाच वेळी, बेरीज शंभर झाली पाहिजे. किंवा क्रमाने, म्हणजे पहिला हयात नसेल तर दुसरा. सुमेधाताईंच्या पॉलिसीत झालं तसं, नॉमिनीच आधी गेला, ही अडचण बँकेत या क्रमाने टळते. लॉकरला फक्त क्रमाने, टक्केवारी नाही.

दादासाहेब

आमचं सगळं जॉइंट आहे, मी आणि सौ. त्याला काय नॉमिनी करायचा? एक गेला की दुसरा आहेच.

निवृत्त_शाखाधिकारी

"दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" अशी सूचना खात्याला असेल तर पहिल्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला अडचण नाही, तेवढं बरोबर. नॉमिनी लागतो दोघंही नसताना. एका गाडीतून प्रवास करता ना दोघं?

दादासाहेब

कळलं हो. सोमवारी जातो बँकेत.

सुमेधा

सगळ्यांचे आभार. थोडं पुढचं सांगते. मामी आणि वहिनींना समोरासमोर बसवून हा धागा वाचून दाखवला. मामींना वाटत होतं पीएफ पूर्ण आपल्या नावाचा आहे आणि तो सुनेला देऊन टाकायचा. वहिनींना वाटत होतं आपल्याला काहीच नाही. दोघीही चुकल्या होत्या, म्हणून बरं झालं. पेन्शनचा आणि ईडीएलआयचा फॉर्म कंपनीकडून मागितला. एचआरने आधी "तो आमच्याकडे लागू नाही" म्हटलं, पगारपत्रक यांनी दिलेली फॉर्मची नावं ईमेलमध्ये लिहिल्यावर दोन्ही आले.

सहकारी बँकेत भावाचे शेअर निघाले, पण सगळं मिळून पाचाच्या आत बसतंय. धाकट्याने बचत खात्याचा अर्ज दिला.

आता प्रश्न असा की मामी म्हणतात, मला पीएफमधला वाटा नकोच, नातीला द्या. तसं लिहून देता येतं का पीएफ कार्यालयाला? म्हणजे अवलंबून होत्या की नव्हत्या हा वादच नको.

पगारपत्रक

माझ्याकडे एका केसमध्ये आजोबांनी तसं प्रतिज्ञापत्र दिलं होतं आणि ते चाललं. दुसऱ्या एका कार्यालयाने मात्र सांगितलं की आधी त्यांच्या खात्यात जमा होईल, मग त्यांनी काय ते करावं. अर्ज भरण्याआधी तिथल्या कार्यालयात विचारून घ्या.

अ‍ॅड_मनवा

आणि मामींनी घाईने काही सोडू नये असं माझं मत. इन्शुरन्सचे पैसे यायला वेळ आहे, सून तरुण आहे, पुढे काय होईल सांगता येत नाही. वाटा घ्या, नातीच्या नावे ठेव करा, आणि त्या ठेवीला नॉमिनी लिहायला विसरू नका.

केतकी_आर

शाखेत जाऊन आले. एका पॉलिसीवरचं नाव बदललं, शेरा मिळाला. दुसरी गृहकर्जासाठी बँकेला असाइन केलेली आहे म्हणे, त्यामुळे कर्ज फिटून ती परत माझ्या नावावर होईपर्यंत त्यावर नॉमिनी बदलून घेणार नाहीत. कुणाला याबद्दल माहिती आहे का?

भटक्या

ई-नॉमिनेशन झालं. ओटीपी बायकोच्या फोनवर गेला. माझ्या आधारला तिचाच नंबर जोडलेला निघाला. कशासाठी पैसे काढतोयस विचारतेय.